तोंडाने श्वास द्यायचं का थांबलं? छातीवरच्या दाबांमागची गोष्ट

अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाच्या छातीवर फक्त दाब द्यायचे, तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा नाही, असं आता सर्वसामान्य लोकांना शिकवलं जातं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी प्रशिक्षण घेतलेल्यांना हे खटकतं. त्यांना आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग दाब असा क्रम पाठ करायला लावला होता. तो का बदलला, हे कळलं की दाब देताना काय सांभाळायचं हेही आपोआप कळतं.

गोष्टीची सुरुवात विजेपासून होते. विजेच्या तारांवर काम करणारे कामगार धक्का बसून मरत. अंगावर फारशी भाजल्याची खूण नसायची, तरी हृदय बंद पडलेलं असायचं. हृदयाचे खालचे कप्पे एकत्र आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात, रक्त पुढे जात नाही आणि माणूस काही क्षणांत बेशुद्ध होतो. गंमत अशी की याच थरथरीवर उपायही वीजच होती. जिनिव्हात प्रेव्हो आणि बातेली या संशोधकांनी 1899 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं, की लहान धक्क्याने सुरू झालेली थरथर मोठ्या धक्क्याने थांबवता येते. माणसाच्या हृदयावर ते यशस्वी व्हायला 1947 उजाडलं. क्लॉड बेक या शल्यविशारदाने एका 14 वर्षांच्या मुलाची छाती उघडी असताना त्याच्या हृदयालाच धक्का दिला आणि मुलगा वाचला.

छाती न उघडता हे करता यावं म्हणून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवेन हे विद्युत अभियंता काम करत होते. तिथे 1958 मध्ये गाय निकरबॉकर या त्यांच्या तरुण सहकाऱ्याच्या एक गोष्ट लक्षात आली. कुत्र्याच्या छातीवर धक्का देण्याचे जड पॅडल दाबून धरले, की वीज सोडण्याआधीच मांडीच्या धमनीतला रक्तदाब किंचित वर जायचा. म्हणजे नुसत्या दाबानेही रक्त पुढे ढकललं जात होतं. शल्यविशारद जेम्स ज्यूड त्यांना येऊन मिळाले. तिघांनी 1960 मध्ये जो लेख छापला, त्यात रुग्णालयातल्या 20 रुग्णांची हकीकत होती आणि त्यांतले 14 वाचले होते. छातीचं मधलं हाड मिनिटाला साधारण 60 वेळा, 3 ते 4 सेंटिमीटर खाली दाबायचं, अशी त्यांची पद्धत होती. हे कोणीही, कुठेही करू शकतं, त्याला दोन हातांपलीकडे काही लागत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुढची जवळपास पन्नास वर्षं आपण ते थोडं विसरलो.

त्याच सुमाराला पीटर साफर आणि जेम्स एलम या डॉक्टरांनी तोंडाने श्वास देणं किती परिणामकारक आहे हे सिद्ध केलं होतं. दोन्ही एकत्र आले आणि सीपीआर तयार झाला. रुग्णालयात, प्रशिक्षित हातांत, ते योग्यच होतं. अडचण रस्त्यावर आली. अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायचं या कल्पनेनेच लोक थबकत. पण त्याहून मोठी अडचण डोळ्यांना दिसत नव्हती, ती वेळेची होती.

तेव्हाचा नियम 15 दाब आणि 2 श्वास असा होता. मिनिटाला 100 च्या वेगाने 15 दाब द्यायला 9 सेकंद लागतात. सामान्य माणसाला दोन श्वास देताना डोकं मागे करायचं, नाक दाबायचं, फुंकायचं आणि परत जागेवर यायचं, एवढ्यात सरासरी 16 सेकंद जातात, असं मोजणीतून दिसलं. म्हणजे 25 सेकंदांच्या एका फेरीत 15 दाब. मिनिटाचा हिशेब केला तर फक्त 36 दाब पडतात आणि अर्ध्याहून जास्त वेळ छाती नुसती पडून राहते. त्यातही एक खाच आहे. दाब थांबला की हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांतला दाब लगेच कोसळतो, आणि पुन्हा सुरू केल्यावर तो पूर्ववत व्हायला बरेच दाब खर्ची पडतात. अशा फेरीत हृदयाला रक्त मिळायला लागतं न लागतं तोच पुढचा खंड पडतो.

अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाचे हृदयरोगतज्ज्ञ गॉर्डन ईवी या विषयावर वर्षानुवर्षं काम करत होते. फोनवरून सीपीआर शिकवलं जात असतानाच्या एका ध्वनिमुद्रणाचा उल्लेख त्यांनी केला आहे. त्यात बाई विचारते, मी छाती दाबली की हे डोळे उघडतात, आणि श्वास द्यायला थांबले की पुन्हा झोपतात, असं का? मेंदूला रक्त कधी पोचत होतं आणि कधी नाही, याचं उत्तर तिच्या प्रश्नातच होतं.

मग श्वासाशिवाय चालतं कसं? अचानक हृदय थांबलेला माणूस एक क्षण आधीपर्यंत नीट श्वास घेत होता. त्याच्या रक्तात आणि फुप्फुसांत पहिली काही मिनिटं पुरेल इतका प्राणवायू असतो. कमी पडते ती तो मेंदूपर्यंत नेणारी रक्ताची धाव. सिएटलमध्ये फोनवरून सूचना देताना काही जणांना दाब आणि श्वास, तर काहींना फक्त दाब सांगितले गेले. 2000 मध्ये आलेल्या निष्कर्षात नुसत्या दाबांच्या गटात 14.6 टक्के रुग्ण वाचले, दुसऱ्या गटात 10.4 टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो. पण श्वास वगळल्याने नुकसान झालं नाही, हे तरी त्यातून दिसलं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2008 मध्ये, डोळ्यांसमोर अचानक कोसळलेल्या प्रौढासाठी फक्त हातांचा सीपीआर पुरेसा आहे, असं जाहीर केलं. ॲरिझोनात लोकांना हीच पद्धत शिकवली गेली, आणि 2005 ते 2009 या काळात मदतीला हात लावणाऱ्यांचं प्रमाण सुमारे 28 टक्क्यांवरून 40 टक्क्यांपर्यंत गेलं. आपल्याकडे भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने 2017 मध्ये सामान्यांसाठी फक्त दाबांवर आधारलेली मार्गदर्शक तत्त्वं आणली.

सगळीकडे मात्र हे लागू नाही. बुडालेला, गळफास लागलेला किंवा घशात घास अडकून निपचित पडलेला माणूस, आणि बहुतेक लहान मुलं, यांच्यात आधी प्राणवायू संपतो आणि मग हृदय थांबतं. तिथे नुसते दाब प्राणवायू संपलेलंच रक्त फिरवतात. अशा वेळी श्वास हवेतच. ते देता येत नसतील, तर काहीच न करण्यापेक्षा दाब बरे.

आता हे सगळं एका प्रसंगात लावून पाहू. सोसायटीच्या हॉलमध्ये बैठक चालू आहे आणि साठीचे एक काका खुर्चीवरून खाली कोसळतात. खांदे हलवून मोठ्याने हाक मारली, उत्तर नाही. अधूनमधून मोठा आचका देऊन तोंड उघडतात, घोरल्यासारखा आवाज येतो. इथेच सगळ्यात जास्त चूक होते, कारण लोक म्हणतात, श्वास तर चालू आहे. हे आचके म्हणजे श्वास नव्हे. हृदय नुकतंच थांबल्याची ती खूण असते. नाडी शोधण्यात वेळ घालवायचा नाही. एकाने 108 ला फोन करून स्पीकर चालू ठेवायचा, दुसऱ्याने एईडी, म्हणजे हृदयाची लय तपासून शॉक देणारं यंत्र, आणायला पळायचं आणि तिसऱ्याने लगेच दाब सुरू करायचे.

काकांना गादीवर किंवा सोफ्यावर नाही, जमिनीवर उताणं झोपवायचं, कारण मऊ पृष्ठभागावर दाब गादीतच जिरतो. छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताची टाच, तिच्यावर दुसरा हात, कोपर ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. किमान 5 सेंटिमीटर, पण 6 पेक्षा जास्त नाही, इतकं खाली दाबायचं. वेग मिनिटाला 100 ते 120, म्हणजे सेकंदाला साधारण दोन. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, कारण तेवढ्यातच हृदय पुन्हा भरतं. दमलेला माणूस नकळत छातीवर रेलतो आणि नेमकं हेच बिघडतं. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा, बदलताना खंड काही क्षणांचाच. बरगडी मोडल्याचा कटकन आवाज येऊ शकतो, तरी थांबायचं नाही.

आता एईडी आलं. हे यंत्र सामान्य माणूस वापरू शकतो, हे शिकागोच्या विमानतळांनी दाखवलं. तिथे दोन यंत्रांमध्ये झपझप चालत एक ते दीड मिनिटाचं अंतर ठेवलं होतं. दोन वर्षांत 18 जणांच्या हृदयात ती थरथर सापडली, त्यांपैकी 11 जणांचे प्राण परत आले, आणि त्यांतल्या सहा जणांना वाचवणाऱ्यांनी हे यंत्र आधी कधी हाताळलं नव्हतं.

झाकण उघडून यंत्र चालू केलं की ते बोलू लागतं. पुढचं सगळं त्याच्या सूचनेनुसार करायचं, पण दाब देणाऱ्याने थांबायचं नाही. छाती उघडी करायची. बाई असली तर इथे लोक संकोचतात आणि मोलाची मिनिटं जातात. ब्लाउज आणि आतले कपडे बाजूला करावेच लागतात, शेजारच्यांनी आडोसा धरावा. घाम पुसायचा, मंगळसूत्र किंवा साखळी यंत्राच्या चिकट पॅडखाली येणार नाही अशी सरकवायची. एक पॅड उजव्या बाजूला गळ्याजवळच्या हाडाखाली, दुसरं डाव्या बाजूला काखेखाली बरगड्यांवर. पॅडवर चित्र असतं. छातीच्या कातडीखाली पेसमेकरची गाठ असेल तर पॅड तिच्यावर नाही, थोडं बाजूला. औषधाची पट्टी असेल तर ती काढून जागा पुसायची.

यंत्र हृदयाची लय तपासतंय असं म्हणालं की कोणीही शरीराला हात लावायचा नाही, नाहीतर हालचालीमुळे वाचन चुकतं. शॉक द्या म्हणालं, की सगळे दूर आहेत ना हे पाहून बटण दाबायचं. काकांचं अंग झटका देईल. त्यानंतर ते उठतात का हे पाहत बसायचं नाही, लगेच पुन्हा दाब सुरू. शॉकने थरथर थांबते, पण थकलेलं हृदय लगेच नीट धडधडेलच असं नसतं. यंत्र दोन मिनिटांनी पुन्हा स्वतःच तपासतं.

आणि समजा, यंत्र शॉकची गरज नाही म्हणालं. बरेच जण इथे हात आखडतात, जणू काकांचं हृदय सुरू झालं. यंत्राने फक्त एवढंच सांगितलेलं असतं, की शॉकने सुधारेल अशी लय या क्षणी नाही. पूर्ण निश्चल झालेल्या हृदयाला शॉक लागू पडत नाही. काकांनी डोळे उघडले नसतील किंवा नीट श्वास घेतला नसेल, तर त्या वाक्यानंतरही पुढचा दाब पडलाच पाहिजे, आणि 108 चे लोक येऊन जागा घेईपर्यंत तो पडत राहिला पाहिजे.