दोन पिंपं, दोन कामं: शॅपरॉन आणि प्रोटिआसोम

बारावीनंतर जीवरसायनशास्त्र शिकायला आलेल्या मुलांसमोर मी दोन चित्रं शेजारीशेजारी ठेवते. पहिलं ग्रोईएल नावाच्या शॅपरॉनचं, दुसरं प्रोटिआसोमच्या मधल्या भागाचं. दोन्ही पोकळ पिंपं. पहिल्यात सात-सात घटकांची दोन कडी एकावर एक रचलेली, दुसऱ्यात सात-सात घटकांची चार. दोन्हींना टोकाला झाकण बसतं, दोन्हींना काम करायला एटीपी हे पेशीचं इंधन लागतं, आणि दोन्हींच्या पोटात घडी बिघडलेली प्रथिनं जातात. "मॅडम, मग फरक काय?" हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो रास्त आहे. एका पिंपातून प्रथिन धडधाकट होऊन बाहेर पडण्याची शक्यता असते, तर दुसऱ्यातून फक्त त्याचे तुकडे बाहेर येतात.

आधी घडीबद्दल. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. ती स्वतःभोवती ठरावीक पद्धतीने दुमडते, तेव्हाच तिला काम करता येतं. दुमडताना तिचे तेलकट, पाण्याला टाळणारे भाग आत दडतात. ते बाहेर राहिले तर शेजारच्या साखळीच्या तेलकट भागांना चिकटतात आणि गोळा होतो. पेशीत प्रथिनांची इतकी दाटी असते की हा धोका सतत असतो.

शॅपरॉनला मराठीत चपखल शब्द आहे, पाठराखीण. नव्या नवरीबरोबर सासरी जाणारी, पहिले काही दिवस तिच्यासोबत राहणारी आणि मग आपल्या घरी परतणारी. ती नवरीला संसार शिकवत नाही, नुसती सोबत करते. शॅपरॉनही प्रथिनाला आकार सांगत नाही. आकार साखळीतल्या अमिनो आम्लांच्या क्रमातच असतो. शॅपरॉन फक्त तिला भलत्याच कोणाला चिकटू देत नाही, आणि घडी पूर्ण झाली की बाजूला होतो.

ग्रोईएलच्या पिंपात हे अगदी ठळक दिसतं. हे पिंप जिवाणूंमधलं, पण आपल्या मायटोकॉन्ड्रियातही त्याचं भावंड आहे. पिंपाच्या तोंडाशी आतली भिंत तेलकट असते, म्हणून अर्धवट दुमडलेली साखळी तिथे चिकटते. मग एटीपी येऊन बसतो, वरून ग्रोईएसचं झाकण लागतं, आणि भिंत फिरून तिची पाण्याला जवळ करणारी बाजू आत येते. साखळीला धरून ठेवणारं काही उरत नाही. ती सुटून पोकळीत पडते, आणि साधारण १० सेकंद तिला पूर्ण एकांत मिळतो. मग झाकण उघडतं. घडी जमली असेल तर साखळी आपल्या कामाला जाते. नसेल तर पुन्हा चिकटते आणि आणखी एक फेरी होते. पोकळीही लहान आहे, किलोडाल्टन या रेणूंच्या वजनाच्या एककात साधारण ६० पर्यंतचं प्रथिनच त्यात मावतं.

प्रोटिआसोमची रचना याच्या उलट. कापणारी केंद्रं आत, भिंतीवर. तोंड इतकं अरुंद की घडी असलेलं प्रथिन आत शिरूच शकत नाही. वरच्या टोपीत सहा मोटारींचं एक कडं आहे. ते एटीपी खर्च करून प्रथिन उसवतं आणि सुईत दोरा ओवावा तसं आत ओढतं. बाहेर पडतात ते काही अमिनो आम्लांचे छोटे तुकडे. पुढे त्यांची सुटी अमिनो आम्लं होतात आणि पुन्हा वापरली जातात. इथे दुसरी फेरी नसते.

माझ्या मते खरा फरक मात्र पिंपाच्या आत नाही, दारावर आहे. शॅपरॉन स्वतः चाचपून बघतो, तेलकट भाग बाहेर आहे का. प्रोटिआसोम असं काही बघत नाही. प्रथिनाचं एखादं सैल टोक आत घालता आलं पाहिजे, एवढी अट सोडली तर तो मुख्यतः शिक्का बघतो. हा शिक्का म्हणजे युबिक्विटिन, ७६ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन. एकाला दुसरं, दुसऱ्याला तिसरं अशी त्याची माळ प्रथिनाला जोडली जाते, आणि ती माळ टोपीला ओळखू येते. आत ओढताना माळ सोडवून बाजूला काढली जाते, कारण युबिक्विटिन पुन्हा वापरायचं असतं. ही शिक्क्याची यंत्रणा शोधल्याबद्दल अॅरन सिएशानोव्हर, अॅव्हराम हर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग शिक्का मारायचा की नाही हे कोण ठरवतं? इथे दोन्ही वाटा एकमेकींत गुंततात. आपल्या पेशीत सगळ्यात जास्त राबणाऱ्या शॅपरॉनांपैकी एक म्हणजे एचएसपी७०. त्याला पिंप नसतं, चिमट्यासारखा तो साखळीचा तेलकट तुकडा धरतो आणि सोडतो. त्याच्या शेपटीच्या टोकाला चार अमिनो आम्लांची एक खूण असते. तिथे हॉप नावाचा मदतनीस बसला तर प्रथिन पुढच्या शॅपरॉनकडे, म्हणजे दुरुस्तीच्या वाटेला जातं. त्याच जागी चिप नावाचा दुसरा बसला तर तो युबिक्विटिन जोडायला लागतो. कोणी विचार करून निवाडा देत नाही, सगळा खेळ वेळेचा आहे. पटकन दुमडणारं प्रथिन चिमट्यातून सुटून जातं. वारंवार परत येणाऱ्याला कधी ना कधी चिप गाठतो. म्हणजे दुरुस्ती करणारा हातच पुढे विल्हेवाटीकडे बोट दाखवतो.

हे सगळं एका प्रथिनात नीट बघता येतं. त्याचं नाव सीएफटीआर. ही १४८० अमिनो आम्लांची साखळी पेशीच्या बाहेरच्या पडद्यात बसून क्लोराइडची वाट उघडते. ती नसेल तर फुप्फुसातला चिकट पदार्थ घट्ट होतो आणि घाम खारट होतो. बाळाचा पापा घेतल्यावर आईच्या ओठांना मीठ लागतं, ही यातून होणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिस या रोगाची फार जुनी खूण आहे. या प्रथिनाचं जनुक १९८९ मध्ये सापडलं. सगळ्यात जास्त आढळणारा बिघाड असा की डीएनएतली फक्त तीन अक्षरं गळालेली असतात, त्यामुळे ५०८ व्या जागेवरचं फेनिलअॅलॅनिन येत नाही. युरोपीय वंशाच्या बहुतेक रुग्णांत याची निदान एक प्रत असते. भारतातल्या रुग्णांत मात्र तो इतका सरसकट आढळत नाही.

१४८० पैकी एक मणी कमी. प्रयोगशाळेत त्याचा परिणाम वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून पट्ट्यांत दाखवणाऱ्या चाचणीत, दिसतो. सीएफटीआर घडणीच्या जाळ्यात, म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, असताना त्यावर थोडी साखर चढते. तेव्हा ते सुमारे १४० किलोडाल्टनच्या जागी पट्टा देतं, त्याला बी पट्टा म्हणतात. घडी पास झाली तरच ते गॉल्जी या पेशीतल्या पुढच्या टप्प्यावर जातं, आणखी साखर चढून वजन वाढतं, आणि सुमारे १७० च्या जागी जाड, पसरट सी पट्टा उमटतो. निरोगी प्रथिनात सी ठसठशीत आणि बी पुसट. मणी गळालेल्यात बी दिसतो, सी ची जागा कोरी. ते दोन रकाने पहिल्यांदा शेजारी पाहिले तेव्हा मी बराच वेळ फिल्म उजेडाला धरून उभी होते. रोगाचं अख्खं कारण त्या रिकाम्या जागेत होतं.

निरोगी सीएफटीआर दुमडणंही सोपं नसतं. अनेक पेशींमध्ये निरोगी साखळ्यांपैकीही निम्म्याहून जास्त जाळ्यातच बाद होतात. मणी गळालेल्या तर जवळजवळ सगळ्याच. आणि १९९२ मध्ये दिसलं की पेशी कमी तापमानात वाढवल्या तर हेच बिघडलेलं प्रथिन काही प्रमाणात पडद्यापर्यंत पोहोचतं आणि क्लोराइडची वाट थोडीफार उघडतंही. म्हणजे ते अगदीच निकामी नव्हतं. पोहोचण्याआधीच त्याची विल्हेवाट लागत होती.

इथेच शॅपरॉन आणि प्रोटिआसोम यांच्यातला गोंधळ महागात पडू शकतो. प्रोटिआसोम प्रथिन खातो, मग प्रोटिआसोम बंद केला तर प्रथिन वाचेल, असं कोणालाही वाटेल. १९९५ मध्ये दोन गटांनी प्रोटिआसोम अडवणारी रसायनं पेशींना दिली. सी पट्टा आला नाही. त्याऐवजी वरच्या बाजूला धूसर डाग पसरला, म्हणजे युबिक्विटिनच्या कमीजास्त लांबीच्या माळा लागलेलं, न कापलेलं सीएफटीआर. १९९८ मध्ये दिसलं की ही साठलेली प्रथिनं केंद्रकाजवळ एका ढिगात ओढून आणली जातात. त्या ढिगाला अॅग्रिसोम म्हणतात. विल्हेवाट थांबवल्याने घडी सुधारली नाही, न दुमडलेल्या साखळ्यांचा नुसता साठा झाला. अशा साठ्याने पेशी मरते. मल्टिपल मायलोमा या कर्करोगात मात्र नेमकं तेच हवं असतं, कारण त्या पेशी अँटिबॉडीचा पूर बनवतात आणि कचरा अडला की लवकर गुदमरतात. २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं बोर्टेझोमिब याच तत्त्वावर चालतं.

सीएफटीआरच्या रुग्णाला पेशी जगवायची आहे, म्हणून हात दुसऱ्या टोकाला घालावा लागला. टेझाकाफ्टर आणि एलेक्झाकाफ्टर हे रेणू थेट सीएफटीआरवर दोन वेगवेगळ्या जागी बसतात आणि डळमळणारी घडी सावरतात. चिमट्यातली साखळी लवकर स्थिर होते, चिपच्या हाती कमी लागते, आणि ब्लॉटवर सी पट्टा परत दिसतो. तिसरं औषध, आयव्हाकाफ्टर, घडीशी संबंधित नाही. पडद्यात पोहोचलेली वाट जास्त वेळ उघडी ठेवणं हे त्याचं काम. या तिघांच्या मिश्रणाला अमेरिकेत २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. घामातलं क्लोराइड लिटरला ६० मिलिमोल किंवा जास्त असेल तर रोगाचं निदान पक्कं धरतात. चाचण्यांमध्ये या औषधाने ते सरासरी सुमारे ४० ने खाली आलं.

पहिल्या दोन औषधांना बऱ्याचदा औषधी शॅपरॉन म्हणतात, आणि नावामुळे पुन्हा गोंधळ होतो. एचएसपी७० हजारो प्रथिनांना धरतो आणि सोडतो. हे रेणू एकाच प्रथिनासाठी बनवलेले आहेत आणि घडी झाल्यावरही त्याला चिकटून राहतात. ही पाठराखीण घरी परतत नाही. ज्यांच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत साखळी मध्येच थांबवणारा बदल आहे, त्यांच्या पेशीत दुमडायला पूर्ण साखळीच नसते, त्यामुळे त्यांना यांचा उपयोग होत नाही. ज्यांना होतो त्यांना गोळ्या रोज घ्याव्या लागतात. पेशी रोज नवं सीएफटीआर विणते, आणि प्रत्येक नव्या साखळीत ५०८ वा मणी नसतोच. गोळ्या थांबल्या की त्या साखळ्या पुन्हा चिपच्या हाती लागतात, आणि घामातलं मीठ पुन्हा वर जातं.