हेडफोन लावला आणि शेजारी जास्तच ऐकू येऊ लागला

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या ऑफिसांत, भिंती नसलेल्या मजल्यांवर ही तक्रार हमखास ऐकू येते: महागडा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतला, तरी शेजारच्याचा कॉल डोक्यात जातोच; वर हेडफोन लावून बसणारी 'भाव खाते' असा शिक्काही बसतो. अंतर्मुख माणसाला मग आपणच नाजूक आहोत असं वाटतं. दोष हेडफोनच्या कामाच्या पद्धतीत आहे.

हे यंत्र बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपतं आणि त्याची उलटी लहर कानात सोडतं. एसीच्या घरघरीसारख्या संथ, खालच्या पट्टीच्या आवाजावर ते छान चालतं. साधारण १००० हर्ट्झच्या वर मात्र लहरी इतक्या आखूड होतात की उलटी लहर नेमकी जुळत नाही. 'स', 'च', 'ट' ही व्यंजनं बरीचशी त्याच वरच्या भागात असतात, आणि शब्द ओळखू येतात ते त्यांच्यामुळे. म्हणजे बोलण्यावर पांघरूण घालणारी घरघर जाते आणि बोलणं उघडं पडतं.

बरं, कॉल तमिळमध्ये असेल तरी सुटका नाही. १९७६ साली कोल आणि वेल्श या संशोधकांनी लोकांना अक्षरं लक्षात ठेवायला दिली आणि त्यांना न कळणारं जर्मन वाचन ऐकवलं. तरीही चुका वाढल्या. अर्थ कळो न कळो, सतत बदलणारा आवाज मनातली क्रमवार उजळणी मोडतो. म्हणूनच गाणी लावणं हा उपाय नव्हे. त्यांचाही आवाज सतत बदलत असतो.

अंतर्मुखांचं वेगळेपण आवाजाच्या पातळीत आहे. १९८४ मध्ये मानसशास्त्रज्ञ रसेल गीन यांनी लोकांना आवाज स्वतः निवडू दिला, तेव्हा अंतर्मुखांनी तो कमी ठेवला आणि त्या पातळीवर ते बहिर्मुखांइतकंच चांगलं शिकले. बहिर्मुखांची पातळी लादल्यावर ते मागे पडले.

तेव्हा घालवलेलं पांघरूण परत घाला, पण बेताचं. हेडफोनमध्ये एकसुरी पावसाचा आवाज लावा, गडगडाट नसलेला. शून्यापासून एकेक टप्पा वाढवत जा. कोणीतरी बोलतंय हे कळतं, पण शब्द सुटे करता येत नाहीत, तिथे थांबा. आवाज फारच वाढवावा लागत असेल, तर बोलणारा खूप जवळ आहे. तेव्हा जागाच बदलून मागा.

आता 'भाव खाते' हा शिक्का. तो बहुधा न ऐकलेल्या हाकेतून बसतो: मागून कोणी 'अगं' म्हणतं, तुम्ही वळत नाही. म्हणून वेळ ठरवा, समजा साडेदहा ते बारा. हेडफोन चढवण्याआधी शेजाऱ्यांकडे स्वतः जाऊन म्हणा, "बारापर्यंत रिपोर्ट उरकते, काही हवंय का आत्ता? मध्ये लागलंच तर टेबलावर टकटक करा." बाराला हेडफोन गळ्यात नको, ड्रॉवरमध्ये ठेवा, गळ्यात दिसला की लोक अजूनही बिचकतात. आणि चहाला आपण होऊन हाक मारा.