व्हिडिओवर डॉक्टरांना भेटण्याआधी: संमती कुणाची, कशाची आणि कागद कोणते

भांडुपच्या एक बाई, वय ६७, मधुमेह जुना. पावसाळ्यात छातीखालच्या घडीत लाल चट्टे आले आणि खाज थांबेना. सून घाटकोपरला नोकरीला. तिने जेवणाच्या सुट्टीत स्वतःच्या फोनवरून त्वचेच्या डॉक्टरांची व्हिडिओ अपॉइंटमेंट घेतली, लांबलचक इंग्रजी मजकूर बोटाने वर ढकलला, 'मान्य' दाबलं, ओटीपी टाकला. संध्याकाळी घरून कॉल लागला तेव्हा डॉक्टरांनी सासूबाईंनाच विचारलं, "आजी, असं व्हिडिओवर दाखवायला तुमची हरकत नाही ना?" सून म्हणाली, "अहो, मी दुपारीच मान्य केलंय."

डॉक्टरांचं बरोबर होतं. मी दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसते आणि हा घोळ आठवड्यातून दोनदा तरी बघते.

२५ मार्च २०२० ला केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं काढली. डॉक्टरांच्या आचारसंहितेलाच ती जोडलेली आहेत. त्यातला नियम सोपा आहे: कॉल पेशंटने स्वतः केला तर त्याची संमती गृहीत धरतात. पण कॉल घरच्या माणसाने, आरोग्य सेविकेने किंवा डॉक्टरांनीच सुरू केला, तर पेशंटची स्पष्ट संमती लागते. ती मेसेज, ईमेल, आवाजी संदेश किंवा व्हिडिओ, कशानेही चालते. सही किंवा स्टँप पेपर लागत नाही. "व्हिडिओवरून सल्ला घ्यायला मी तयार आहे" एवढं वाक्य पुरतं, फक्त ते पेशंटचं हवं आणि डॉक्टरांनी त्याची नोंद ठेवायला हवी. आजींनी ते आवाजी संदेशात सांगितलं, दुसऱ्या प्रयत्नात. पहिल्या वेळी मागून कुकरची शिट्टी झाली होती.

आता कागद. पेशंटचं नाव, वय, पत्ता, फोन नंबर आणि एक ओळखपत्र. वय नीट सांगा, कारण औषधाचा डोस त्यावर ठरतो आणि शंका आली तर डॉक्टर वयाचा पुरावा मागू शकतात. जुन्या चिठ्ठ्या आणि अलीकडचे रिपोर्ट आधीच फोटो काढून ठेवा. कॉल चालू असताना कपाटातली पिशवी उपसायला वेळ नसतो. पेशंट अल्पवयीन असेल तर सोबत मोठं माणूस हवं आणि त्याचीही ओळख पटवावी लागते. पेशंट समोर नसताना त्याच्या वतीने बोलायचं असेल तर त्याने दिलेलं अधिकारपत्र किंवा नात्याचा सरकारी पुरावा जवळ असू द्या. ओळख एकतर्फी नसते हेही लक्षात ठेवा. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि पावतीवर असलाच पाहिजे, आणि तो तुम्ही कॉलच्या आधीही विचारू शकता.

खरी गोची पुढे आहे. 'मान्य' या एका बटणाखाली दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. एक, असा उपचार घेण्याची संमती. दुसरी, तुमची माहिती वापरण्याची. सुनेने वर ढकललेला मजकूर मी नंतर वाचला. त्यात फोनमधले सगळे संपर्क बघण्याची परवानगी होती आणि 'भागीदार संस्थांकडून आरोग्यविषयक ऑफर' मिळण्याच्या चौकटीत आधीच टिक होती. छातीखालच्या चट्ट्यांचा आणि सुनेच्या फोनमधल्या भाजीवाल्याच्या नंबराचा काय संबंध?

डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये उदाहरण नेमकं हेच दिलं आहे: टेलिमेडिसिनच्या अ‍ॅपने संपर्कयादी मागितली आणि बाईने होकार दिला, तरी तो होकार फक्त सल्ल्यासाठी लागणाऱ्या माहितीपुरताच धरायचा, कारण सल्ला द्यायला संपर्कयादी लागत नाही. संमती स्वतःहून केलेल्या कृतीने दिलेली हवी, म्हणजे आधीपासून टिक असलेली चौकट चालणार नाही. माहिती कशासाठी घेतात हे सांगणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायची सोय हवी, आणि मराठी त्यात आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि सूचना-संमतीच्या तरतुदींना त्यांनी १८ महिन्यांची मुदत दिली. तोवर प्रत्येक अ‍ॅप सुधारलेलं दिसेलच असं नाही. पण नको ती टिक काढायला आणि फोनच्या सेटिंगमध्ये संपर्कांची परवानगी बंद करायला मुदतीची वाट बघावी लागत नाही.

त्या प्रसंगानंतर आमच्या दवाखान्याची सूचना मी पुन्हा लिहिली. आधीचं पहिलं वाक्य होतं, 'सदर दूरस्थ वैद्यकीय सेवेचा लाभ घेताना वापरकर्ता आपल्या संवेदनशील माहितीच्या प्रक्रियेस याद्वारे अनुमती प्रदान करीत आहे.' आजींना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे मी काय करायचंय?" आता ती अशी आहे:

> हा सल्ला व्हिडिओवर आहे. डॉक्टर हात लावून तपासू शकत नाहीत, म्हणून गरज वाटली तर प्रत्यक्ष यायला सांगतील. तुमचं नाव, वय, पत्ता, फोन, आजाराची माहिती आणि तुम्ही पाठवलेले फोटो आम्ही उपचारासाठी ठेवतो. ते डॉक्टर आणि नोंदणीचा एक माणूस बघतो, तिसरं कुणी नाही. कॉल आम्ही रेकॉर्ड करत नाही. तुम्ही कधीही कॉल थांबवू शकता आणि प्रत्यक्ष भेट मागू शकता. संमती मागे घ्यायची असेल किंवा तक्रार असेल तर या नंबरवर सांगा.

यातलं 'तिसरं कुणी नाही' लिहिण्याआधी मला आमच्या दोन जणांकडून पासवर्ड काढून घ्यावा लागला. सूचनेत जे लिहाल ते खरं असावं लागतं, आणि वाद बहुतेकदा इथेच होतो.

संमती मागे घेतली म्हणजे सगळं पुसलं जातं, असं मात्र नाही. आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरांना ठरवून दिलेल्या काळापर्यंत नोंदी ठेवाव्या लागतात. पुढची माहिती घेणं थांबेल, झालेल्या उपचाराची नोंद राहील. त्याच नोंदींची प्रत तुम्ही मागितलीत तर ती ७२ तासांत द्यायची असते.

आणि घरातलं खाजगीपण कुठल्याच सूचनेत येत नाही. दहा बाय पंधराच्या खोलीत आजी पदर सारणार कशा? डॉक्टरांनी आधी विचारलं, "खोलीत कोण कोण आहे?" मुलगा गॅलरीत गेला, नातू क्लासला होता, फोन सुनेने धरला. चट्ट्यांचा जवळचा फोटो मात्र तिने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि तो तिच्या फोनच्या गॅलरीत राहिला, तिथून आपोआप फोटोंच्या बॅकअपमध्ये गेला. डॉक्टरांनी असे फोटो दुसऱ्या कशासाठी वापरले तर तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरतो. पण गोपनीयता तांत्रिक बिघाडाने किंवा तिसऱ्याच माणसामुळे मोडल्याचा पुरावा असेल, तर जबाबदारी डॉक्टरांवर येत नाही. म्हणून फोटो पोचल्याची खात्री झाली की फोनमधून आणि बॅकअपमधूनही काढा.

भेट व्हिडिओवर होती, म्हणून पहिल्याच वेळी क्लोट्रिमॅझोलचं मलम लिहून देता आलं. फक्त फोनवर बोलून पहिल्या भेटीत ते मिळालं नसतं. आजींनी जाता जाता झोपेसाठी अल्प्राझोलम मागितली, ती डॉक्टरांनी नाकारली. अशी औषधं टेलिमेडिसिनवर लिहून द्यायला बंदी आहे, पेशंटची संमती कितीही असली तरी. "मग त्यासाठी यायलाच लागेल का?" आजींनी विचारलं. पुढच्या मंगळवारी त्या आल्या, जुन्या चिठ्ठ्यांची पिशवी घेऊन.