व्याजदराच्या जाळीत अर्धा-अर्धा कुठून आला?

शेअरवरच्या ऑप्शनची किंमत काढणारी द्विपदी जाळी कॉक्स, रॉस आणि रुबिनस्टाइन यांनी 1979 मध्ये मांडली. तिथे रिस्क-न्यूट्रल संभाव्यता, म्हणजे किंमत काढताना वरच्या वाटेला द्यायचे वजन q, कोणी ठरवत नाही, ती गणितातून बाहेर पडते. शेअर u पट किंवा d पट होईल आणि बिनजोखीम गुंतवणूक R पट होईल, एवढे गृहीत धरले की q = (R − d)/(u − d). कारण शेअर बाजारात विकत घेता येतो. त्याची आजची किंमतच q ला बांधून ठेवते.

व्याजदराकडे वळल्यावर हा आधार सुटतो. शॉर्ट रेट, म्हणजे पुढच्या एका कालखंडापुरता दर, हा विकत घेण्याजोगा ऐवज नाही. व्हासिचेक यांच्या 1977 च्या मॉडेलमध्ये ही अडचण स्पष्ट दिसते. दराची चाल कळली तरी रोख्याची किंमत ठरत नाही. जोखमीसाठी बाजार किती मोबदला मागतो, हेही वेगळे सांगावे लागते. शिवाय त्या मॉडेलमधून निघणाऱ्या किमती बाजारातल्या रोख्यांच्या किमतींशी सहसा तंतोतंत जुळत नाहीत. ज्याला साध्या रोख्याचीच किंमत बरोबर येत नाही, त्याने त्यावरच्या ऑप्शनची किंमत सांगावी कशी?

हो आणि ली यांनी 1986 मध्ये प्रश्न उलटा केला. आजच्या रोख्यांच्या किमती दिलेल्याच धरा आणि त्यांना जुळतील असे दर जाळीत बसवा. q हवा तो निवडता येतो. प्रघात 1/2 घेण्याचा आहे, आणि जोखमीचा सगळा मोबदला दरांच्या जागेत सामावला जातो. म्हणून जाळीतले दर हा भविष्याचा अंदाज नव्हे. अर्थतज्ज्ञाला दर वाढण्याची शक्यता 70 टक्के वाटते म्हणून q = 0.7 करणे चूक आहे. दर तेच ठेवून तसे केले, तर जुळलेल्या किमती लगेच बिघडतात.

100 दर्शनी किमतीचा, तीन वर्षांनी फिटणारा झिरो कूपन रोखा घेऊ. आजचा दर 5 टक्के. वर्षाने 6 किंवा 4. दोन वर्षांनी 7, 5 किंवा 3. वर वा खाली, दोन्हींची संभाव्यता 1/2. तिसऱ्या वर्षाअखेरीस प्रत्येक गाठीवर 100 लिहायचे आणि उलटे चालत यायचे. तिसऱ्या वर्षाअखेरचे दर लागतच नाहीत. दरांचे टप्पे तीनच आणि मुदतही तीन वर्षे हे लक्षात ठेवले नाही, तर हमखास एक पायरी जास्त वटवली जाते.

दुसऱ्या वर्षाच्या गाठींवर 100 ला अनुक्रमे 1.07, 1.05 आणि 1.03 ने भागले की 93.458, 95.238 आणि 97.087 येतात. पहिल्या वर्षाची वरची गाठ: वरच्या दोघांची सरासरी 94.348, भागिले 1.06, म्हणजे 89.008. खालची गाठ: 96.163 भागिले 1.04, म्हणजे 92.464. या दोघांची सरासरी 90.736, ती 1.05 ने भागली की आजची किंमत 86.415. प्रत्येक वेळी आधी पुढच्या दोन किमतींची सरासरी, मग जिथे उभे आहोत त्या गाठीच्या दराने वटवणे. पुढच्या गाठीचा दर वापरला की उत्तर विश्वासार्ह दिसते, पण चुकलेले असते. ताडून पाहायला एका वर्षाचा रोखा त्याच जाळीत घाला: 100/1.05 = 95.238 यायलाच हवा.

प्रत्येक वर्षाचा सरासरी दर 5 टक्केच आहे, मग थेट 100/1.05³ का नको? ते 86.384 देते, म्हणजे 0.031 कमी. दर घसरला की किंमत जितकी चढते, तितकी ती दर तेवढाच वाढल्यावर उतरत नाही. या वक्रतेची किंमत सरासरी दर वापरल्यास हरवते.

आता बाजारात हा रोखा 86.00 ला मिळतो असे समजा. हो-ली पद्धतीत दुसऱ्या वर्षाचे तिन्ही दर सारखेच वर सरकवायचे. सुमारे 0.51 टक्के बिंदू सरकवून 7.51, 5.51 आणि 3.51 केले की किंमत 86.00 वर येते. दोन वर्षांचा रोखा 90.711 वरून हलत नाही, कारण तो या दरांपर्यंत पोहोचतच नाही. म्हणूनच जुळवणी जवळच्या मुदतीपासून दूरच्या मुदतीकडे, एकेक वर्ष करत जाते.

या रचनेत पायरी बेरजेची आहे, त्यामुळे जाळी लांबली की खालच्या कडेचे दर शून्याखाली उतरू शकतात. मुदतीआधीच एखाद्या गाठीवर किंमत 100 च्या वर गेली, तर त्या गाठीवर किंवा पुढच्या वाटेवर कुठेतरी दर उणे झाला आहे. ब्लॅक, डरमन आणि टॉय यांच्या 1990 मध्ये छापून आलेल्या मॉडेलने पायरी गुणाकाराची केली: एका वर्षाच्या शेजारी गाठींतले दर ठरावीक गुणोत्तरात राहतात, म्हणून ते नेहमी धन असतात. ते गुणोत्तर दरवर्षी वेगळे घेऊन दरांची चंचलताही बाजाराशी जुळवता येते. q मात्र तिथेही 1/2 च.