कोपरीचा बुटका खांब

ठाण्यातल्या एका पतसंस्थेचा प्रश्न साधा होता. शाखा संध्याकाळी आठपर्यंत उघड्या ठेवाव्यात का? नऊ हजार सभासदांच्या रजिस्टरातून चिठ्ठ्या उचलाव्यात तशी 400 नावं काढली आणि फोन केले. 240 जण बोलले, त्यातले 139 ‘हो, ठेवा’ म्हणाले. म्हणजे 58 टक्के. (संस्था ओळखू येऊ नये म्हणून आकडे बदललेत, हिशोबाची रीत तीच आहे.)

संचालक मंडळाच्या सभेसाठी पहिला आलेख मीच काढला आणि तो फसवा निघाला. नौपाडा शाखेत 80 पैकी 52 होकार, म्हणजे 65 टक्के. कोपरीत 60 पैकी 33, म्हणजे 55. फरक नीट दिसावा म्हणून मी उभा अक्ष 50 पासून सुरू केला. झालं! नौपाड्याचा खांब कोपरीच्या तिप्पट उंच झाला, कारण 50 च्या वर एकाचे 15 उरले आणि दुसऱ्याचे 5. सभेआधी सचिवांनी कागद पाहिला आणि लगेच म्हणाले, “कोपरीवाल्यांना काही पडलेली नाही. नौपाड्यापुरतंच करू.”

खांबाची लांबी हाच त्याचा आकडा असतो, त्यामुळे तो शून्यापासूनच उभा राहायला हवा. पण अक्ष सुधारूनही अर्धंच काम होतं. 65 हा आकडा 80 जणांचा आहे. दुसऱ्या 80 जणांना फोन गेले असते तर तो 58 आला असता, नाहीतर 71. ही हलण्याची शक्यता खांबाच्या सपाट डोक्यावर दिसतच नाही. म्हणून मी खांब काढून टाकले. प्रत्येक शाखेसाठी एक ठिपका आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आडवी रेघ, एवढंच ठेवलं. ही रेघ म्हणजे 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल. असे नमुने पुन्हा पुन्हा काढले आणि दर वेळी अशी रेघ ओढली, तर शंभरातल्या साधारण 95 रेघांत सगळ्या सभासदांचा खरा आकडा सापडेल. ही कल्पना संख्याशास्त्रज्ञ जेर्झी नेमन यांनी 1930 च्या दशकात मांडली. आपल्या सातारा जिल्ह्यातले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे त्याच काळात लंडनमध्ये त्यांच्या हाताखाली शिकत होते.

रेघ किती लांब, याचा तोंडी अंदाज सोपा आहे: 100 ला नमुन्याच्या वर्गमुळाने भागायचं. 240 चं वर्गमूळ साडेपंधरा, म्हणून साडेसहा टक्के इकडे किंवा तिकडे. नेमक्या सूत्राने सव्वासहा येतात. म्हणजे 58 टक्के हे खरं तर ‘52 ते 64’. नौपाड्याची रेघ 55 ते 75 आणि कोपरीची 42 ते 68.

दोन रेघा एकमेकींवर आल्या की ‘फरक नाही’ असं म्हणायची घाई होते. तेही चूकच. फरकाची रेघ वेगळी काढावी लागते. इथे फरक 10 टक्के आणि त्याची रेघ उणे 6 पासून अधिक 26 पर्यंत. नौपाडा बराच पुढे असू शकेल, कदाचित कोपरीच थोडी पुढे असेल. एवढ्या फोनांवरून शाखांची क्रमवारी लावता येत नाही, इतकंच म्हणता येतं.

माझ्या मते खरा धोका मात्र रेघेच्या बाहेर होता. 160 जण बोललेच नाहीत. इंटरव्हल फक्त चिठ्ठी कुणाच्या नावाची निघाली एवढ्या नशिबाचा हिशोब ठेवतो. फोन न उचलणाऱ्यांचा नाही. ते सगळे ‘नाही’ म्हणाले असते तर 400 पैकी 139, म्हणजे 35 टक्के. सगळे ‘हो’ म्हणाले असते तर 75. फोन केले होते सकाळी अकरा ते पाच. सकाळची लोकल पकडून रात्री आठला परतणारा सभासद त्या वेळात कसा सापडणार? आणि संध्याकाळची खिडकी बहुधा त्यालाच हवी. तसं असेल तर आमचा आकडा कमी आलाय. पण ‘बहुधा’वर ठराव होत नाही, म्हणून राहिलेल्यांपैकी 40 जणांना रविवारी पुन्हा फोन करा असं सुचवलं.

सभेत चेअरमननी विचारलं, “मग इतिवृत्तात काय लिहू? बहुसंख्य सभासदांची मागणी?” इतिवृत्तात गेलेलं वाक्य पुढच्या वर्षी आलेखाशिवाय वाचलं जातं, म्हणून रेघ वाक्यातच बसवावी लागते. शिवाय ‘मागणी’ कुणी केली नव्हती. आपण विचारलं आणि त्यांनी होकार दिला. होकार देणारा सातला खिडकीवर येईलच, हेही कुणी मोजलेलं नव्हतं. शेवटी लिहिलं ते असं: “फोनवर उत्तर दिलेल्या 240 सभासदांपैकी 139 जणांनी वेळ वाढवण्यास अनुकूलता दर्शवली (58 टक्के, अंदाज 52 ते 64). निवडलेल्यांपैकी 160 सभासदांचे मत मिळाले नाही. शाखांमधील फरकाबाबत निष्कर्ष काढता येत नाही.”

सचिवांना ते लांबलचक वाटलं. तरी तसंच लिहिलं गेलं, आणि खाली ठराव आला: तीन महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी सगळ्या शाखा आठपर्यंत, सहानंतरची टोकनं वेगळी मोजावीत.