जलचक्राच्या वर्गचित्रफितीचा प्रॉम्प्ट

शिक्षकाने व्हिडिओ तयार करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला दिलेले लेखी वर्णन म्हणजे हा प्रॉम्प्ट. त्यातून जलचक्राची साधी, सपाट रंगांची ऍनिमेशन चित्रफीत तयार होते. पाठ्यपुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा टाकल्यास चित्रफीत बहुधा चुकते, कारण पुस्तक प्रक्रियेचे नाव सांगते आणि साधनाला लागते डोळ्यांना दिसणारे दृश्य. ‘बाष्पीभवन दाखवा’ या वाक्यात कोणती वस्तू कुठून कुठे हलते हे कुठेच आलेले नसते.

सगळ्यात मोठी अडचण बाष्पाची आहे. पाण्याचे बाष्प हा वायू असून तो डोळ्यांना दिसत नाही. चहाच्या पातेल्यावर जे पांढरे दिसते ते बाष्प नसून थंड हवेत पुन्हा पाणी झालेले बारीक थेंब असतात. आपण मात्र दोन्हींना ‘वाफ’च म्हणतो. प्रॉम्प्टमध्ये ‘तलावातून वाफ निघते’ असे लिहिले की साधन तलाव उकळवते: बुडबुडे येतात, पांढरे लोट उठतात. ते पाहून पाणी १०० अंशांनाच हवेत जाते अशी मुलांची समजूत होते, आणि ती नंतर पुसणे कठीण जाते. दोरीवरचे कपडे थंडीतही वाळतात, म्हणजे बाष्पीभवनाला उकळी लागत नाही. म्हणून ‘वाफ’ हा शब्द टाळावा. त्याऐवजी ‘पाण्याच्या पृष्ठभागावरून बारीक फिकट निळे ठिपके सावकाश वर जातात, वर जाताना एकमेकांपासून लांब होतात, पाणी शांत आहे’ असे लिहावे. शेवटचे तीन शब्द आवश्यक आहेत, कारण त्यांच्यावाचून ठिपक्यांचे बुडबुडे होतात. प्रॉम्प्ट इंग्रजीत द्यायचा असल्यास भाषांतरात ‘स्टीम’ आलेले नाही ना, हे पाहावे. ठिपके समजण्यासाठी काढले आहेत, खरे बाष्प दिसत नाही, हे वर्गात तोंडी सांगावेच लागते.

दुसरी चूक भूगोलाची आहे आणि ती नागपूरच्या उदाहरणात लगेच कळते. मुलांच्या ओळखीचा म्हणून अंबाझरी तलाव घेतला, की साधन एक छोटे वर्तुळ काढते: तलावातले पाणी वर जाते, तिथेच ढग होतो, तोच ढग तलावावर बरसतो. प्रत्यक्षात मे महिन्याच्या उन्हात अंबाझरीतून पाणी हवेत जाते हे खरे, पण पावसाळ्यात शहरावर पडणारे पाणी मुख्यतः समुद्रावरून आलेले असते. विदर्भाला अरबी समुद्राकडूनही ओलावा मिळतो. तरी बऱ्याच मोठ्या पावसामागे बंगालच्या उपसागरात तयार होऊन पश्चिमेकडे सरकणारे कमी दाबाचे पट्टे असतात. परतीची वाटही त्याच समुद्राकडे जाते. अंबाझरीचा तलाव नाग नदीवर आहे. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा आणि वर्धा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. एवढे लांबलचक चक्र एका चौकटीत बसवायचे, तर समुद्र चित्राच्या उजव्या कडेला ठेवावा. भिंतीवरच्या नकाशातही पूर्व उजवीकडेच असते, त्यामुळे मुलांचा गोंधळ होत नाही. ढग उजवीकडून डावीकडे येतात, नदी डावीकडून उजवीकडे जाते.

बहुतेक साधने एका वेळी काही सेकंदांचाच तुकडा देतात, त्यामुळे संपूर्ण चक्र एकाच प्रॉम्प्टमध्ये कोंबले तर ढग तयार होण्याआधीच पाऊस सुरू होतो. ८ सेकंदांचे चार तुकडे पुरतात, आणि एका तुकड्यावर शिक्षकाची मिळून साधारण १५ शब्दांची दोन छोटी वाक्ये आरामात बसतात. शैलीचा मजकूर चारही तुकड्यांत अक्षरशः तोच ठेवावा. एखादा शब्द बदलला तरी झाडाचा रंग किंवा रेषेची जाडी बदलू शकते. पहिल्या तुकड्याचा प्रॉम्प्ट असा लिहिता येतो:

```
शैली: सपाट रंग, जाड काळी बाह्यरेषा. रंग फक्त निळा,
हिरवा, तपकिरी, पांढरा, पिवळा, राखाडी. कॅमेरा स्थिर.
देखावा: उजव्या कडेला समुद्र. डावीकडे बुटकी टेकडी,
तिच्या पायथ्याशी तलाव आणि एक कडुनिंब. तलावातून
निघालेली नदी समुद्रापर्यंत. वर सूर्य, आकाश निरभ्र.
हालचाल: समुद्रावरून बारीक फिकट निळे ठिपके सावकाश
वर जातात आणि एकमेकांपासून लांब होतात. पाणी शांत आहे.
चित्रात अक्षरे, बाण, चेहरे नाहीत.
```

दुसऱ्या तुकड्यात शैली आणि देखावा तोच राहतो, फक्त ‘आकाश निरभ्र’ हे शब्द काढावेत. हालचालीत ‘ठिपके उंचावर एकत्र येतात, त्यांचा पांढरा ढग होतो, ढग डावीकडे सरकतो’ एवढेच येते. तिसऱ्यात ढग राखाडी होऊन टेकडीवर आणि तलावावर पाऊस पडतो, म्हणून रंगांच्या यादीत राखाडी पहिल्या तुकड्यापासूनच घालून ठेवावा. पावसासाठी ‘सरळ बारीक रेषा’ असे लिहावे, नाहीतर अश्रूच्या आकाराचे टपोरे थेंब येतात. खरे लहान थेंब गोल असतात आणि मोठे थेंब खालून चपटे होतात. चौथ्या तुकड्यात टेकडीच्या उतारावरून पाणी तलावात उतरते आणि नदीतून उजवीकडे समुद्रात जाते. तलाव ओसंडून वस्तीत पाणी शिरताना मात्र दाखवू नये. २३ सप्टेंबर २०२३ चा पूर नागपूरच्या मुलांनी पाहिला आहे.

उजवे-डावे साधनाला नीट कळत नाही, बऱ्याचदा नदी टेकडीकडे वाहते. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे देखावा कागदावर स्केचपेनने काढून त्याचा फोटो पहिली चौकट म्हणून देणे. असे केल्यावर प्रॉम्प्टमध्ये फक्त शैली आणि हालचाल लिहावी. पुढच्या तुकड्याची पहिली चौकट म्हणून मागच्या तुकड्याची शेवटची चौकट दिली, की सांधा दिसत नाही आणि कडुनिंबाचा मध्येच नारळ होत नाही.

नावे साधनाकडून लिहून घेऊ नयेत. ‘बाष्पीभवन’मधला ‘ष्प’ किंवा ‘सांद्रीभवन’मधला ‘द्री’ अनेकदा मोडतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. चित्रफीत तयार झाल्यावर एडिटिंगच्या ऍपमध्ये किंवा स्लाइडवर नावे चढवावीत. शब्द मुलांच्या पुस्तकात असेल तोच घ्यावा, कारण संघनन आणि सांद्रीभवन ही एकाच प्रक्रियेची नावे आहेत हे मुलांना ठाऊक नसते. बाणही याच टप्प्यावर घालावेत.

जमिनीत मुरणारे पाणी या पद्धतीने दाखवणे जमत नाही. साधन जमिनीखाली निळे तळे काढते, तर नागपूरच्या पश्चिम भागातल्या काळ्या खडकात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांत साठते. हा भाग फळ्यावर काढणे बरे.

वर्गात दाखवण्यापूर्वी प्रत्येक तुकडा एकदा आवाज बंद करून, निम्म्या वेगाने पाहावा. ठिपके मध्येच खाली वळतात का, सूर्य जागा बदलतो का, पाऊस ढगाच्या बाहेरूनही पडतो का, नदी कोणत्या बाजूला वाहते, एवढे तपासावे. चूक सापडल्यास तेवढाच तुकडा पुन्हा करावा आणि प्रॉम्प्टमधले एकच वाक्य बदलावे. दोन-तीन वाक्ये एकदम बदलली तर कशामुळे सुधारले ते कळत नाही, आणि पुढच्या तुकड्यात तीच चूक परत येते.