अंतिम लाऊडनेस आणि लिमिटिंग

मिक्स पूर्ण झालेले गाणे यूट्यूब, स्पॉटिफाय अशा ठिकाणी चढवण्यापूर्वी लिमिटर लावून त्याची एकूण पातळी ठरवणे, ही मास्टरिंगमधली शेवटची पायरी. या पायरीवर दोन प्रकारे बिघाड होतो. आवाज फाटतो, किंवा फाटत नाही पण ठेक्याचा जोर निघून जातो आणि गाणे सपाट होते. दुसरा बिघाड लवकर लक्षात येत नाही, म्हणून तो जास्त आढळतो.

पीक आणि लाऊडनेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीक म्हणजे लहरीचे क्षणापुरते सर्वांत उंच टोक. लाऊडनेस म्हणजे कानाला एकंदर किती मोठे वाटते ते. टाळाचा एक ठोका पीकमीटर वरपर्यंत नेतो, पण पुढच्या क्षणी तो विरतो. तानपुरा मीटरवर खालीच राहतो आणि तरी सगळा अवकाश भरून टाकतो. सीडीच्या काळात पीकला मर्यादा होती, लाऊडनेसला नव्हती. त्यामुळे टोके दाबून बाकीचा आवाज वर रेटण्याची चढाओढ लागली. २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने बीएस.१७७० या शिफारशीत लाऊडनेस मोजण्याची पद्धत ठरवून दिली. एलयूएफएस हे एकक तिच्यावरच उभे आहे.

आज यूट्यूब आणि स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएस ही पातळी धरून चालतात. त्याहून मोठे गाणे वाजवताना खाली ओढले जाते. लहान गाणे यूट्यूब वर उचलत नाही. स्पॉटिफाय उचलते, पण पीकला जागा शिल्लक असेल तेवढेच. यूट्यूबवर व्हिडिओवर उजवी टिचकी मारून Stats for nerds उघडले, तर Volume / Normalized या ओळीत content loudness दिसतो. तिथे 4.5dB असेल तर तुमचे गाणे साडेचार डेसिबलने खाली आणले आहे. लिमिटरने जे कापून मोठेपणा मिळवला, तो परत घेतला गेला. कापलेले मात्र परत येत नाही.

लिमिटरचे काम सोपे आहे. सीलिंग नावाची एक रेष ठरवायची. लहर तिच्यावर जाणार असे दिसले, की तो क्षणभर सगळ्या गाण्याची पातळी खाली आणतो आणि मग पूर्ववत करतो. पूर्ववत होण्याला लागणारा वेळ म्हणजे रिलीज, आणि बहुतेक घोळ इथेच होतो. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा खर्ज ६० हर्ट्झच्या आसपास असेल, तर त्याची एक लहर सुमारे १७ मिलिसेकंदांची असते. रिलीज त्याहून खूप लहान ठेवला, तर लिमिटर प्रत्येक लहरीच्या आतच वर-खाली होतो, लहरीचा आकार बदलतो आणि खर्ज खरखरतो. रिलीज फार मोठा ठेवला, तर थाप पडल्यावर गाणाऱ्याचा आवाजही तिच्याबरोबर खाली जातो आणि हळूहळू वर येतो. हे ओळखायला तानपुरा सर्वांत चांगला, कारण तो स्थिर असायला हवा. तो प्रत्येक समेला श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होऊ लागला, की लिमिटर जास्त ओढतो आहे असे समजावे.

समजा घरच्या स्टुडिओतला एक अभंग आहे: गायन, हार्मोनियम, पखवाज, टाळ आणि तानपुरा. मिक्स मोजले तर लाऊडनेस उणे २० आणि सर्वांत उंच टोक उणे ३ डेसिबल भरले. मोजणी फुकटच्या साधनानेही होते:

```
ffmpeg -i abhang.wav -af ebur128=peak=true -f null -
```

शेवटी येणाऱ्या गोषवाऱ्यात I समोरचा आकडा लाऊडनेसचा, True peak खालचा टोकाचा. उणे १४ गाठायला ६ डेसिबल वाढवावे लागतील. म्हणजे टोक अधिक ३ वर जाईल, आणि सीलिंग उणे १ ठेवले तर लिमिटरला ४ डेसिबल कापावे लागतील. लावून ऐकले, तर तानपुरा श्वास घेतो. इथे लिमिटरची बटणे फिरवत बसण्यापेक्षा मिक्समध्ये परत जाऊन ती टोके कोणाची आहेत ते पाहावे. बहुधा ती पखवाजाच्या मोजक्या ‘धा’ची आणि तारसप्तकातल्या एक-दोन ओळींची निघतात. पखवाजाच्या ट्रॅकपुरता कॉम्प्रेसर लावून ती टोके अडीच डेसिबलने खाली आणली आणि त्या ओळींची पातळी हाताने उतरवली. आता मिक्सचे टोक उणे साडेपाचवर आले, पण लाऊडनेस जेमतेम ०.३ ने घटला. आता ६.३ वाढवले तरी लिमिटरला दोन डेसिबलही कापावे लागत नाहीत, आणि तेही फक्त मोठ्या थापांवर. तानपुरा जागचा हलत नाही.

हाच अभंग उणे साडेनऊपर्यंत रेटला तर यूट्यूब तो साडेचारने खाली आणणार. गायन दोन्ही प्रतींत जवळपास सारखेच मोठे ऐकू येईल. पण पहिल्या प्रतीत थापेचे टोक उणे १ वर होते, दुसरीत ते उणे साडेपाचवर बसले. पखवाज कागदी खोका बडवल्यासारखा होतो, तो यामुळे.

सीलिंग शून्यावर न ठेवता उणे १ का? फाइलमधले नमुने म्हणजे लहरीवरचे ठिपके. ठिपके मर्यादेत असले तरी त्यांच्यामधून जाणारी खरी लहर वर जाऊ शकते, शिवाय एमपी३ किंवा एएसीत रूपांतर होताना टोके आणखी सरकतात. म्हणून लिमिटरमध्ये ट्रू पीक मोजणी चालू ठेवावी. स्पॉटिफायही उणे १ सुचवते, आणि गाणे उणे १४ पेक्षा मोठे असेल तर उणे २. टाळाच्या झणत्कारात बारीक चरचर येते का, हे रूपांतर केलेली प्रत हेडफोनवर ऐकून तपासावे. मूळ वेव्ह ऐकून ते कळणार नाही.

लिमिटर लावलेली प्रत नेहमीच चांगली वाटते, कारण ती मोठी असते. त्यामुळे तुलना करताना ती जितकी वाढवली तितकी खाली आणून मूळ मिक्सशेजारी ऐकायची. हे न करता घेतलेल्या निर्णयावर माझा विश्वास नाही, स्वतःच्यासुद्धा.

मिक्समध्येच चिरडलेला आवाज मात्र मास्टरिंगमध्ये सुधारत नाही. मेटॅलिकाच्या २००८ सालच्या ‘डेथ मॅग्नेटिक’ या अल्बमबद्दल चाहत्यांनी तक्रार केली, ती आवाज फाटल्याची. तीच गाणी ‘गिटार हीरो’ या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेल्या रूपात आली होती, म्हणून लोकांना फरक शेजारी शेजारी ठेवून ऐकता आला. मास्टरिंग करणाऱ्याचे म्हणणे होते, की मिक्स हातात आले तेव्हाच ते चिरडलेले होते.

उणे १४ हा आकडा गाठलाच पाहिजे असेही नाही. ख्यालातला विलंबित भाग उणे २० वर शोभत असेल तर यूट्यूबवर तो शेजारच्या गाण्यापेक्षा सहा डेसिबल लहान वाजेल, एवढेच. ऐकणारा आवाजाचे बटण थोडे फिरवतो, आणि आलापातली शांतता शिल्लक राहते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फाइल थेट पाठवायची असेल तर तिथे कोणी पातळी सारखी करत नाही. अशा वेळी त्याच मिक्समधून दोन-तीन डेसिबल मोठी वेगळी प्रत काढणे बरे, आणि फाइलच्या नावात ते लिहून ठेवावे, नाहीतर महिनाभराने तीच यूट्यूबवर चढते.